पोत सोडवायची तारीख
अकोल्याकडचा सोयाबीन पिकवणारा बाप लेकीच्या अमरावतीतल्या हॉस्टेल-मेसच्या फीसाठी सोन्याची पोत गहाण ठेवतो, तेव्हा गाव हळहळतं. माझ्या मते हा व्यवहार शहाणपणाचा ठरू शकतो, फक्त सोडवायची तारीख आधी ठरलेली हवी. समजा, जुलैत त्याने बँकेतून वर्षाला 10 टक्के व्याजाने 60 हजार उचलले. महिन्याचं व्याज 500. नोव्हेंबरात बाजार समितीत सोयाबीन विकून पोत सोडवली, तर चार महिन्यांचे 2,000 गेले. पण मुदत वर्षाची आहे म्हणून तो थांबला आणि नुसतं व्याज भरून नूतनीकरण करत राहिला, तर मुद्दल तसंच राहतं, आणि व्याजही थकलं की लिलावाची नोटीस येते. शैक्षणिक कर्ज का नाही? जरूर घ्यावं, पण मंजुरीला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत थांबत नाही. भाव पडले तर? हा आक्षेप खरा वजनदार. म्हणूनच बँक सोन्यावर किती देते ते न पाहता, पडत्या भावातही बियाण्या-खताची उधारी भागून जेवढं उरेल तेवढंच उचलावं. बिनपरवान्याच्या सावकाराचा उंबरठा तर चढूच नये. तिथे बहुधा पावतीच नसते.