प्रगतीपत्रकाच्या मागच्या पानावर काय लिहिलेले असते?

दिवाळीच्या सुट्टीआधी वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला मोबाइलवर एक फोटो पाठवला. सातवीतल्या मुलीचे प्रगतीपत्रक. खाली एकच ओळ होती : "जयभीम दादा, हे वाईट आहे का?"

आपल्यापैकी बहुतेकजण अशा वेळी दोन ठरलेली उत्तरे देतात. एक, "काही नाही ताई, पास आहे." दुसरे, "बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते, घाबरू नका." पहिले उत्तर अर्धे खरे आहे. दुसऱ्यातला आकडा खरा आहे, पण ते उत्तर नाही. त्या 282 गुणांनंतर केळुस्कर गुरुजींनी हातात पुस्तक दिले, पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. कोणीतरी पुढचे काम केले, म्हणून तो आकडा आज अभिमानाने सांगता येतो. नुसता आकडा सांगून आपण ते काम टाळतो.

फोटोत श्रेणी होत्या. मराठी ब-1, हिंदी ब-2, विज्ञान क-1, समाजशास्त्र क-1, इंग्रजी क-2, गणित क-2. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण अ-2. आपल्याकडच्या पद्धतीत क-2 म्हणजे शंभरपैकी 41 ते 50. त्याखाली ड म्हणजे 33 ते 40, आणि त्याहून खाली इ. म्हणजे मुलगी नापास नाही. पण ही श्रेणी दोन गोष्टींची बेरीज असते, आणि बेरजेत काय काय लपते ते पाहायला हवे.

सातवीला आकारिक मूल्यमापनाला 40 आणि संकलित मूल्यमापनाला 60 गुण असतात. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, उपक्रम, जे वर्षभर बाईंनी पाहायचे असते. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पत्रकावर फक्त श्रेणी होती, गुणांची फोड शाळेतल्या नोंदवहीत. म्हणून आम्ही ताईंसोबत शाळेत गेलो आणि ती दाखवा म्हणालो. गणितात आकारिक 40 पैकी 31, संकलित 60 पैकी 13. बेरीज 44, श्रेणी क-2. मराठीत 34 आणि 38, बेरीज 72.

मराठीतले दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत. गणितातले नाहीत. साठपैकी तेरा गुण मिळवणाऱ्या मुलीला त्याच विषयाच्या रोजच्या कामात चाळीसपैकी एकतीस कसे मिळतात? नोंदवहीचे ते पान वरपासून खालपर्यंत पाहिले. जवळजवळ सगळ्या वर्गाला 29 ते 33. म्हणजे कोणाला काय येते हे न पाहता भरलेला रकाना. बाईंवर किती वर्ग आणि किती कागदकाम आहे हे आम्हाला माहीत आहे. तरी परिणाम एकच : त्या 31 गुणांनी तेरावर पांघरूण घातले आणि आईच्या हातात क-2 आले.

मग आम्ही ताईंकडून पत्रकाच्या मागच्या पानाचा फोटो मागवला. तिथे महिनावार हजेरी असते. जूनमध्ये 13 पैकी 13 दिवस, जुलैत 26 पैकी 25, ऑगस्टमध्ये 22 पैकी 14, सप्टेंबरमध्ये 23 पैकी 12, ऑक्टोबरमध्ये 14 पैकी 10. ऑगस्टपासून तेवीस दिवस मुलगी शाळेत नव्हती. ताईंनी स्वतःच सांगितले : ऑगस्टमध्ये धुणीभांड्याची दोन घरे वाढली, धाकटा अंगणवाडीतून दुपारी घरी येतो, आणि मुलीची शाळा दुपारची. त्याला सांभाळायला तीच. मसावि-लसावि आणि परिमेय संख्या वर्गात शिकवल्या गेल्या त्या याच दिवसांत.

हजेरीशेजारी वर्णनात्मक नोंदी होत्या. विशेष प्रगती : "शांत, शिस्तप्रिय." सुधारणा आवश्यक : "हस्ताक्षर." मित्रहो, ही नोंद मुलीच्या शिकण्याबद्दल नाही, ती वर्गात त्रास देत नाही याबद्दल आहे. तीन महिने एकही शंका न विचारणारी मुलगी शांतच दिसते. भागाकार येत नाही असे कुठेही लिहिलेले नाही.

तो येत नाही, हे आम्हाला कसे कळले? मुलीसमोर कागद ठेवला. आधी मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. अडखळली नाही, आणि विचारल्यावर अर्थही सांगितला. मग 52 वजा 37. बरोबर. मग 612 भागिले 6. उत्तर आले 12. मधले शून्य गाळले होते, खरे उत्तर 102. अशी आणखी तीन उदाहरणे दिली, तिन्हींत तीच चूक. म्हणजे हा खड्डा सातवीचा नाही, चौथी-पाचवीचा आहे, आणि गैरहजेरीने तो रुंद झाला. दहा मिनिटांचे हे काम वस्तीतला कोणताही कॉलेजचा पोरगा करू शकतो. यासाठी शिक्षक असावे लागत नाही.

ताईंना आम्ही उत्तर दिले ते असे : "ताई, पोरगी नापास नाही. वाचनात चांगली आहे. गणितात भागाकारापासून कच्ची आहे. आणि खरे वाईट आहे ते मागच्या पानावरचे तेवीस दिवस."

हे आत्ताच सांगणे गरजेचे होते. पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. आठवीचा पेपर 60 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, म्हणजे 21 गुण. तिथे आकारिकचे पांघरूण नाही. आज तिला 13 आहेत. सवलतीचे थोडे गुण मिळू शकतात, पण आठ गुणांचे अंतर त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही. पुनर्परीक्षेतही राहिली तर त्याच वर्गात बसावे लागते. आणि आपल्या घरांत आठवीत मागे राहिलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

शाळेकडे आम्ही विनंती केली नाही, मागणी केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित बैठक घेऊन सांगणे आणि गरज असेल त्या मुलाला जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. बाईंनी आठवड्यातून दोन दिवस शाळेआधी अर्धा तास भागाकार घ्यायचे मान्य केले. धाकट्याला दुपारी शेजारच्या आजी सांभाळणार. डिसेंबरच्या शेवटी आम्ही पुन्हा हजेरीचे पान पाहणार आणि पुन्हा 612 भागिले 6 विचारणार.

प्रश्न एका मुलीपुरता नाही. प्रगतीपत्रक आईला काही सांगत नाही, कारण ते आईसाठी लिहिलेलेच नसते, फाइलसाठी लिहिलेले असते. ज्या घरात शिकलेला माणूस आहे तिथे ते वाचून घेतले जाते. आपल्या घरांत सही करून परत जाते. कलम 21 ची शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे तीन चतुर्थांश पालक, आणि त्यात वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपले पालक तिथे बसत असतील तर त्यांनी एकच ठराव मांडावा : पत्रकावर श्रेणीसोबत आकारिक आणि संकलितचे गुण वेगवेगळे छापा, आणि सुधारणेच्या रकान्यात विषयातली नेमकी अडचण लिहा.

तोपर्यंत कोणी फोटो पाठवला तर आधी मागचे पान मागवा.

जयभीम.