एका टिंबाची साक्ष

या आठवड्यात आमच्या ताईला शाखेकडून दोनदा एकच फाइल आली, म्हणून हा लेख. ताई २००५ मध्ये घेतलेला फ्लॅट विकते आहे. भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी सीएने त्या वेळी बिल्डरला दिलेल्या पैशांचा पुरावा मागितला. शाखेने जुना छापील खातेउतारा शोधला, स्कॅन केला आणि मेलने पाठवला. इतका जुना कागद त्यांनी सांभाळून ठेवला, याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण स्कॅनमध्ये एकाही रकमेला दशांश चिन्ह उरलं नव्हतं.

ताईने लिहिलं, “स्टेटमेंट नीट दिसत नाही, कृपया पुन्हा पाठवावे.” तीच फाइल पुन्हा आली. शाखेतल्या माणसाला दोष देता येणार नाही. त्याने फाइल उघडून पाहिली असेल, तर त्याला सगळे अंक स्वच्छ दिसले असतील. जे नाही ते दिसत नाही, आणि नेमकं काय नाही हे ताईने सांगितलं नव्हतं.

दरम्यान सीएच्या ऑफिसातल्या मुलाने आकडे उतरवून घेतले. वीज मीटरसाठी बिल्डरला दिलेले ३८५०.०० रुपये स्कॅनमध्ये ३८५००० असे दिसत होते. उताऱ्यात स्वल्पविराम मुळातच नव्हते. त्याने ३,८५,००० मांडले. फ्लॅटचा एखादा हप्ता तेवढा असू शकतो, त्यामुळे त्याला शंका आली नाही. वरच्या ओळीतला २,३५,०००.०० चा चेक मात्र २३५००००० झाला होता. २००५ मध्ये ताईच्या बचत खात्यातून दोन कोटी पस्तीस लाख जाणं अशक्य, म्हणून गडबड लक्षात आली. मोठी चूक स्वतःच ओरडते, लहान चूक हिशेबात गुपचूप बसून राहते.

आता चेककडे पाहा. “रक्कम अक्षरी लिहा” हे मी या जागेवरून किती वेळा लिहिलं, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. चेकवर एकच रक्कम दोनदा, दोन वेगळ्या रीतींनी लिहिलेली असते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८ सांगतं, की आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. अंकातलं एखादं टिंब पुसलं तरी ‘तीन हजार आठशे पन्नास’ पुसत नाही. ज्या कारणाने आकडा बिघडतो, त्याच कारणाने शब्द बिघडत नाहीत. म्हणून शब्द हा खरा दुसरा साक्षीदार. पैसे भरण्याच्या पावतीवरही रुपये आणि पैसे यांच्यामध्ये उभी रेघ असते. रेघ टिंबासारखी सहज हरवत नाही.

खातेउताऱ्यात रक्कम एकदाच येते, अंकांत. त्यावर बँकेतले एक निवृत्त मित्र म्हणाले, “शेजारी शिल्लक असते ना? वजाबाकी करून बघायची.” मलाही आधी तसंच वाटलं होतं. ताईच्या उताऱ्यावर करून पाहू. आधीची शिल्लक ८३४२०७५, खर्च ३८५०००, नंतरची शिल्लक ७९५७०७५. वजाबाकी तंतोतंत जुळते. पण टिंबं सगळीकडूनच गेली असतील तर ती जुळणारच. पूर्ण उतारा शंभरपट फुगला आहे, आणि रुपयांऐवजी पैशांत केलेली वजाबाकीही बरोबरच येते. शिल्लकेतलं टिंब टिकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ८३४२०.७५ मधून ३,८५,००० जाऊच शकत नाहीत, आणि चूक त्याच ओळीत पकडली गेली असती. दोन्ही साक्षीदार एकाच झोपेत असताना त्यांची साक्ष जुळली, तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

शेवटचे दोन अंक पैसे मानून टिंब आपणच भरलं तर? घरच्या समजुतीसाठी ते ठीक आहे. पण पुराव्याच्या कागदावर आपल्या हाताने टिंब देणं म्हणजे त्यात फेरफार करणं. शिवाय फिकट छपाईत शेवटचं शून्यही उडालेलं असू शकतं, आणि मग तो नियमही फसतो.

टिंब जातं कसं, हेही सांगतो. जुने उतारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापले जात. त्यात टिंब म्हणजे सुईचा एकच ठोका, साधारण ०.३ मिलिमीटरचा. दर इंचाला १०० ठिपके या बारीकपणावर स्कॅन केलं, तर स्कॅनरचा एक चौकोन ०.२५ मिलिमीटरचा होतो. टिंब दोन-चार चौकोनांत विभागून पडतं आणि प्रत्येकात फिकट राखाडी दिसतं. स्कॅनर काळ्या-पांढऱ्या पद्धतीवर असेल, तर त्या राखाडीला तो पांढरं ठरवतो. धुळीचे डाग काढण्याची सोय चालू असेल, तर उरलेलं टिंबही डाग म्हणून पुसलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे: इतरत्रची टिंबं पाहा. ताईच्या उताऱ्यात १२.०४.२००५ ही तारीख १२०४२००५ झाली होती.

हे कळल्यावर दुसरा मेल आम्ही असा लिहिला:

“विषय: खातेउताऱ्याच्या स्कॅनमध्ये दशांश चिन्हे नाहीत, वाचनीय प्रत मिळण्याबाबत.

मा. शाखा व्यवस्थापक, आपण पाठवलेल्या उताऱ्यात (खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक व कालावधी खाली दिला आहे) सर्व रकमांतील दशांश चिन्हे गेली आहेत. उदाहरणार्थ, पान २, ओळ ७ मध्ये रक्कम ३८५००० अशी दिसते. कृपया मूळ कागदाशी ताडून पाहावे. नोंदी संगणकात असतील तर तेथूनच काढलेली पीडीएफ द्यावी. नसतील तर मूळ कागद राखाडी छटांमध्ये, दर इंचाला ३०० ठिपके ठेवून, डाग काढण्याची सोय बंद करून स्कॅन करावा. ही प्रत पुराव्यासाठी हवी असल्याने प्रमाणित करून द्यावी. या मेलचा तक्रार क्रमांक कळवावा.”

‘प्रमाणित’ हा शब्द मुद्दाम घातला. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याने बँकेच्या नोंदींची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालते. साध्या स्कॅनला तो मान नाही. तक्रार क्रमांक मागितला, कारण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे आधी बँकेकडे तक्रार केल्याचं दाखवावं लागतं.

तशी वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी नवी प्रत आली. राखाडी पानावर फिकट का होईना, टिंबं परतली होती. दोन ओळींत मात्र ती कागदावरच नव्हती. प्रिंटरची रिबन वाळल्यामुळे तिथे शाईच उमटली नसावी, आणि कुठलाही स्कॅनर ती आणू शकला नसता. त्या ओळींसाठी अधिकाऱ्याने चेकची जुनी व्हाउचरं शोधली, ताडून पाहिली, आणि समासात रकमा शाईने लिहून सही-शिक्का केला. त्यातली एक: रुपये तीन हजार आठशे पन्नास फक्त.