हजारामागे पाच

12 ऑगस्टला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या जयंतीला, शाळाशाळांतून ग्रंथपालांचे सत्कार होतात. भाषण ठरलेले असते: अनुदान नाही, पुरेशी कपाटे नाहीत, तरी यांनी पदरमोड करून वाचनालय जगवले. या भाषणाबद्दल माझी एक तक्रार आहे. नरखेड तालुक्यातल्या एखाद्या शाळेत कुणी तुटपुंज्या पैशांत वाचनकक्ष उघडा ठेवला असेल, तर त्याच्या त्यागाचे कौतुक करून आपण त्याच्या कसबाला बगल देतो. वाचनकक्ष पदरमोडीने जगत नाही. तो चालवण्याची एक विद्या आहे, आणि वंदन करायचे तर त्या विद्येला करावे.

आधी वस्तुस्थिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे असे म्हटले आहे; ते सांभाळायला माणूस हवा, असे मात्र त्यात कुठे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखाद्या शिक्षकाकडे वर्गाबरोबर ग्रंथालयाचाही चार्ज असतो. खासगी अनुदानित हायस्कुलात पटसंख्या भरली तर ग्रंथपाल मिळतो, आणि तोही अनेकदा अर्धवेळ. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पुस्तकांसाठी वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे.

आता दोनशे मुलांची एक शाळा धरून हिशेब मांडू. तिला 10,000 रुपये मिळाले आणि पुस्तक सरासरी सव्वाशेला पडले, तर नवी पुस्तके येतील ऐंशी. कपाटात जुनी सहाशे आहेत. जाणता ग्रंथपाल नव्या ऐंशींच्या आधी या जुन्या सहाशेंकडे वळतो. त्यांतली दोन-अडीचशे तरी मागच्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके, कालबाह्य माहितीपुस्तिका आणि एकाच शीर्षकाच्या डझनभर प्रती असतात. ती रीतसर ठराव करून नोंदवहीतून कमी केली की उरलेली साडेतीनशे मुलांना दिसू लागतात. दाटीवाटीने उभ्या कण्यांत मूल पुस्तक शोधत नाही. मुखपृष्ठ समोर दिसले तर हात घालते. म्हणून कपाटाचे दार उघडे ठेवून, खिडकीच्या गजांना सुतळी बांधून तिच्यावर पुस्तके अडकवली, तर तेवढ्याने देवघेव वाढते. याला खर्च सुतळीचा.

पुस्तके फिरू लागली की फाटतात, आणि इथे कसबाचा दुसरा भाग सुरू होतो. मुलांच्या पातळ पुस्तकांची टाचणी आधी गंजते, मग मधले पान सुटते. घाईत चिकटपट्टी लावली तर दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, सुटते आणि कागदावर तेलकट डाग सोडते. नागपूरकडच्या उन्हात तर लवकरच. जुने बाइंडर मैद्याची खळ शिजवून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर आणि झुरळे खळीच्या वासावर येत नाहीत. गंजलेली टाचणी काढून मधल्या घडीतून दोऱ्याचे तीन टाके घालायचे, कण्यावर मांजरपाटाची पट्टी खळीने बसवायची आणि रात्रभर विटेखाली दाबून ठेवायचे. मोरचूद विषारी असल्याने खळ कालवण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. टाके मुलेही घालू शकतात. ‘किशोर’चे जुने अंक हाती आले तर बारा अंकांचा एक जाड खंड बांधण्याचा मोह जाणता ग्रंथपाल आवरतो. खंड कपाटात शोभतो, पण एका वेळी एकच मूल तो नेऊ शकते. सुटे अंक बारा घरांत जातात.

तरीही बहुतेक शाळांत कपाटाला कुलूप असते, आणि कारण पैशांचे नसते, भीतीचे असते. पुस्तक हरवले तर चार्ज देताना ते कुणाच्या नावावर पडेल, ही ती भीती. दाखल नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक जागेवर दिसला पाहिजे, आणि न दिसल्यास वसुली. मग शहाणा माणूस कुलूप लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण व्यवस्था त्याला हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारते, न वाचलेल्या पुस्तकाचा विचारत नाही. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र जपणुकीपेक्षा वापराला वरचे स्थान देते.

आणि हे नुसते तत्त्वज्ञान नाही, सरकारी नियमांतही ते उतरले आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला 215 वा नियम सांगतो की, वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांपर्यंतची हानी वाजवी धरावी. मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी व्हायलाच हवी. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांचा. गावच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण मोजमाप म्हणून तो वापरायला कुणाची हरकत असावी?

आपल्या दोनशे मुलांनी पंधरवड्याला एक पुस्तक नेले, तर तीसेक आठवड्यांत तीन हजार देवघेवी होतात. हजारामागे पाच म्हणजे पंधरा पुस्तके, फार तर दोन हजार रुपयांची. आलेल्या अनुदानाचा पाचवा हिस्सा. यावर आक्षेप येईल की एकदा सूट दिली की मुले चोरतील. पण चोरी आणि झीज यांतला फरक देवघेव नोंदवहीच दाखवते. हानी वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली, बहुतेक पातळ आणि लाडक्या पुस्तकांची असेल, तर ती वापराची झीज आहे. एकाच वर्गातून, एकाच काळात, महागडे कोश आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके जात असतील, तर मात्र शोध घ्यावा. नरखेडसारख्या संत्र्याच्या पट्ट्यात तोडणीच्या दिवसांत मजुरांची मुले शाळेत कमी येतात. तेव्हा अडकलेले पुस्तक बुडाले असे लिहिण्यापूर्वी बहार आटोपेपर्यंत थांबावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कमी पैशांत चालते असे दाखवून दिले, की सरकार तेवढेही देणार नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच सत्काराची ती भाषणे मला घातक वाटतात. खळ आणि सुतळीने ग्रंथपालाच्या पदाची जागा भरून निघत नाही. छाटणी, शिवण, देवघेव या सगळ्याला रोजचा तास-दीड तास लागतो, आणि तो वेळ वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकाकडून काढून घेता येत नाही. पण माणूस मागायला पुरावा लागतो, आणि तीन हजार देवघेवींची वही हा कुठल्याही निवेदनापेक्षा भक्कम पुरावा आहे. कुलूपबंद कपाटाच्या जोरावर कुणी ग्रंथपाल मागू शकत नाही.

म्हणून नरखेड तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. पुढच्या 12 ऑगस्टला शाल देऊ नका. एक ठराव करा: हजार देवघेवींमागे पाच पुस्तकांपर्यंतच्या हानीची वसुली ग्रंथपालाकडून किंवा चार्ज असलेल्या शिक्षकाकडून होणार नाही, ती शाळेच्या खर्चात धरली जाईल. त्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांनी सह्या कराव्यात आणि ठरावाची प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवावी.