ठहराव विकत मिळत नाही

शायरीच्या रील्समध्ये सध्या एक साथ पसरली आहे. तीन शब्द, मग शांतता. पुन्हा दोन शब्द, मग शांतता. मागे पियानो आणि पडद्यावर पाऊस, मेणबत्ती, पाठमोरा उभा मुलगा. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी खोल चाललंय. चाललेलं काहीच नसतं. ओळ पोकळ आहे हे कळू नये म्हणून तिथे थांबा टाकलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे: थांबा ही सजावट नाही, ओळीला तो कमवावा लागतो.

मुशायऱ्यात शायर काय करतो ते आठवा. शेरचा पहिला मिसरा म्हणतो, मग तोच पुन्हा म्हणतो. का? कारण पहिल्या मिसऱ्यात काहीतरी अर्धवट सोडलेलं असतं आणि ते कसं पूर्ण होणार याची उत्सुकता त्याला ताणायची असते. दुसरा मिसरा येतो, काफियावर गाठ बसते आणि दाद उसळते. रीलमध्ये समोर मैफल नाही, ‘मुकर्रर’ म्हणणारं कोणी नाही. तिथे पुन्हा म्हणण्याचं काम शांततेला करावं लागतं. म्हणून जिथे अर्धवट काहीच सोडलेलं नाही, तिथली शांतता निव्वळ रिकामी जागा असते.

आईवरचं रील घ्या. ‘आई... म्हणजे आभाळ... आई... म्हणजे सागर... आई... म्हणजे दिवा...’ ओळीला एक प्रतिमा आहे, थांबेही आहेत. पण आभाळाचा सागराशी संबंध नाही आणि सागराचा दिव्याशी नाही. ओळींची उलटापालट करा, काही बिघडत नाही. ही कोणाचीही आई आहे, म्हणजे कोणाचीच नाही.

आता हे वाचा:

अम्मीच्या मांडीवर परक्या लग्नाचा शालू.
बोटांत सुई, दातांत दोरा.
खिडकीतून येईल तेवढाच उजेड.
टाका चुकला, तर ती पुन्हा उसवते.
कपाटात तिचा स्वतःचा शालू आहे.
त्याचा फॉल कधीचा सुटलाय.

प्रत्येक ओळीत डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट आहे, आणि सगळ्या एकाच खोलीतल्या आहेत. शेवटची ओळ पहिलीचा अर्थ बदलते, म्हणून क्रम हलवता येत नाही. शब्द 28 आहेत. सेकंदाला दोन शब्द या गतीने 14 सेकंद लागतात. आता थांबे वाटा. पहिल्या ओळीनंतर एक सेकंद, दुसऱ्या आणि तिसऱ्यानंतर अर्धा-अर्धा, चौथीनंतर एक. पाचवीनंतर पूर्ण दोन सेकंद, कारण ‘शालू आहे’ म्हटल्यावर ऐकणारा विचारतो, मग? शेवटच्या ओळीनंतर पुन्हा दोन सेकंद, तेही संगीत न लावता. थांब्यांचे सात सेकंद धरून एकूण 21 झाले. थांबे सारखे नाहीत आणि एकही वाक्याच्या मध्ये नाही. ‘कपाटात... तिचा... स्वतःचा...’ असं तोडलं असतं, तर पाचवीनंतरच्या थांब्याला काही किंमत उरली नसती.

एवढं जमवूनही एडिटिंगमध्ये माती होते. मजकूर आधीच पडद्यावर टाकला, तर ऐकणारा सहावी ओळ वाचून मोकळा होतो आणि थांबा मरतो. ओळ उच्चारली जाईल तेव्हाच दिसू द्या. पाचव्या ओळीला कपाटाचं बंद दार दाखवा, शालू दाखवू नका. तो शब्दांना उघडू द्या. आणि एडिटिंग अ‍ॅपमध्ये शांत जागा आपोआप कापण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. मशीनला मौन आणि वाया गेलेला वेळ यातला फरक कळत नाही.

‘पण लोक तीन सेकंदांत पुढे सरकवतात,’ असं उत्तर येतं. म्हणूनच पहिल्या ओळीत शालू हवा, ‘दोस्तों, आज मैं...’ नको. लांब थांबा शेवटाकडे ठेवा. तिथपर्यंत आलेला माणूस दोन सेकंदांनी पळत नाही.

प्रत्येक विषयाला हा साचा लावूही नका. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख पियानोवर कशाला सांगता? कुठल्या वस्तीला पाडकामाची नोटीस आली असेल, तर आधी वस्तीचं नाव, तारीख आणि घरांची संख्या सांगा. तिथे उसासा टाकून थांबलात, तर माहिती नसल्याचं तेवढं झाकलं जातं.

आपल्या रील्समधला माझा खरा राग इथेच आहे. पाऊस, मेणबत्ती आणि पाठमोरा मुलगा वापरून आपण आपलंच दुःख बिनचेहऱ्याचं करतो. ते कुठल्या मोहल्ल्यातलं, कोणाच्या हातांचं, हे पाहणाऱ्याला कळतच नाही. मग तो हळहळतो आणि पुढे सरकवतो.

अपलोड करण्याआधी संगीत बंद करा, थांबे काढा आणि ओळी सपाट आवाजात सलग वाचा. तरीही शेवटच्या ओळीला घशात काही अडकलं, तर थांबे परत घाला. नाही अडकलं, तर ओळी पुन्हा लिहा.