वारीतल्या आबांना एकादशीच्या आदल्या रात्रीचा फोन

ज्येष्ठाचा वद्य पक्ष उजाडला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांत एक जागा रिकामी होते. ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आळ्याला ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी. अशा या मुलखात वारी घरोघरी पिढीजात चालत आलेली असते. आबा पडशी घेऊन दिंडीत निघतात, सूनबाई त्यांच्या पाया पडते, आणि दारातून परत फिरताना तिच्या मनात एकच विचार असतो : साखरेचा आजार असलेला हा माणूस पंढरीपर्यंत नीट पोहोचेल ना?

वारीतल्या आप्ताला आपण रोज ‘राम कृष्ण हरी’ म्हणून फोन करतो आणि ‘तब्येत बरी आहे ना?’ असे विचारतो. तिकडून ‘माउलींच्या कृपेने बरी आहे’ असे उत्तर येते. ते खोटे नसते. पण त्यातून आपल्याला काहीही कळलेले नसते. म्हणून या वेळी अशा एका रात्रीविषयी लिहितो, जेव्हा आपल्या फोनचा खराखुरा उपयोग होऊ शकतो.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. पुढे ती पुण्यात दोन रात्री मुक्काम करते आणि मग दिवेघाट चढून सासवडला, सोपानदेवांच्या समाधीच्या गावी जाते. तिथींचा हिशेब मांडून पाहावा. ही घाटाची चाल बहुधा वद्य एकादशीलाच येते. म्हणजे वारीतली सर्वांत लांब चाल, सुमारे ३० किलोमीटरची, त्यात घाटाची चढण, आणि तीही उपवासाच्या दिवशी. निरोगी वारकरी ती आनंदाने पार करतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वारकऱ्यासाठी मात्र हाच दिवस सर्वांत जपण्याचा असतो.

असे का, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, आपल्या घरचे आबा ६८ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी न्याहारीपूर्वी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन असलेली गोळी घेतात. यांतील मेटफॉर्मिन एकटे सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते, आणि पोटात अन्न आहे की नाही हे ते पाहत नाही. घरी भाकरी-भाजी पोटात असते, चालणे देवळापर्यंतचे असते. तेव्हा हिशेब जुळतो. एकादशीला पोट रिकामे, गोळी नेहमीची, आणि पायांचे स्नायू पहाटेपासून रक्तातली साखर वापरत असलेले. अशा वेळी साखर ७० च्या खाली उतरू शकते.

ती उतरली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, माणूस चिडचिडा होतो, मग बोलण्यात गोंधळ होतो. अडचण अशी की घाटात घाम सर्वांनाच येतो आणि थकवाही सर्वांनाच असतो. सोबती म्हणतात, ‘आबा दमले, जरा बसू द्या.’ त्यातच रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल, तर थरथर आणि धडधड झाकली जाते; घाम तेवढा उरतो. म्हणून चालणाऱ्या मधुमेही माणसाला विचित्र घाम येऊन तो गप्प झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर ते थकव्यावर न सोपवता साखर उतरली असेच धरावे.

उपाय साधा आहे. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. बरे न वाटल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. सावरल्यावर केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणे असे उपवासाचेच काही खाऊ घालावे, कारण गोळीचा परिणाम अनेक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकाला किंवा १०८ ला बोलवावे.

आता फोनकडे येऊ. तो पालखी पुण्यात असताना, दशमीच्या संध्याकाळी करावा. आधी आबांची वारी ऐकून घ्यावी : आरती मिळाली का, विणा आज कोणाकडे होती, पाऊस आला का. मग विचारावे, ‘उद्याच्या गोळीचे डॉक्टरांनी काय सांगितले आहे?’ निघण्यापूर्वी हे विचारलेले असेल तर उत्तमच. नसेल, तर त्याच संध्याकाळी आपल्या डॉक्टरांना आपण विचारून आबांना कळवावे. अशा दिवशी डॉक्टर पुष्कळदा गोळी कमी करतात किंवा संध्याकाळच्या फराळाबरोबर घ्यावयास सांगतात. आपण मात्र स्वतःच्या मनाने काही ठरवू नये. विशेषतः इन्शुलिन चालू असेल तर ते परस्पर बंद करणे फार घातक ठरू शकते.

दुसरा प्रश्न : ‘साखर कुठे ठेवली आहे?’ दिंडीचे सामान ट्रकमध्ये पुढे जाते आणि ते हाती लागते थेट मुक्कामावर. गोळ्यांची पिशवी आणि साखरेची पुडी ट्रकमध्ये असेल, तर दिवेघाटात तिचा उपयोग शून्य. ती खांद्यावरच्या पडशीतच हवी, आणि शेजारी चालणाऱ्या एका सोबत्याला ती कशासाठी आहे हे ठाऊक हवे.

तिसरा प्रश्न पायांचा. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात. खडा रुततो, फोड येतो, पण दुखत नाही. म्हणून ‘पाय दुखतात का?’ असे विचारून भागत नाही. ‘आज तळवे कोणी पाहिले?’ असे विचारावे. मुक्कामी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, सोबत्याने उजेडात तळवे पाहावेत. फोड दिसला तर तो फोडू नये, पथकाकडे दाखवावा.

आबा कदाचित म्हणतील, ‘एवढी वर्षे निर्जळी एकादशी केली, आताच काय झाले?’ तेव्हा वाद घालू नये. ‘पांडुरंगापर्यंत पोहोचायचे आहे ना, मग उद्या थोडा फराळ घेऊन चाला,’ एवढेच म्हणावे. ज्या वारकऱ्यांचा शब्द ते मानतात, त्या दिंडीतल्या वडीलधाऱ्यांनाही आधी बोलून ठेवावे. घरच्यांपेक्षा त्यांचे म्हणणे आबांच्या गळी लवकर उतरते.

एकादशीच्या रात्री सासवडला पुन्हा एक फोन करावा. त्यात ‘बरे आहात ना?’ विचारू नये. ‘घाट कसा चढलात, ते सांगा,’ असे म्हणावे. आबा नेहमीच्या लयीत सांगू लागले, सोबत्यांची नावे बरोबर घेऊ लागले, तर निश्चिंत व्हावे. शब्द अडखळत असतील, तेच ते पुन्हा येत असेल, तर फोन सोबत्याकडे द्यावयास सांगून साखर-पाणी लगेच द्यावयास लावावे.

कुकडी आणि मीना घोडेला मिळतात, घोड भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. आपल्या शिवारावर पडलेला पाऊस आबांच्या आधी निघालेला आहे. त्याच्या मागोमाग आबाही धडधाकट पायांनी वाळवंटी पोहोचोत. राम कृष्ण हरी.