ऑटो होल्ड सिग्नलला ठीक, रांगेत नको!

सिंहगड रोड, संध्याकाळचे साडेसात. राजाराम पुलाच्या अलीकडे आमची गाडी रांगेत उभी. बाबांची नवी ऑटोमॅटिक, स्टिअरिंगवर मी, ऑटो होल्ड चालू, पाय निवांत. शेजारून एक बाइकवाला आरशाला घासून गेला. मी पट्टा काढला, दार उघडलं, वाकून ओरखडा पाहिला, परत बसलो. तेवढ्यात पुढची रांग हलली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी ढिम्म! अजून दाबला. इंजिन गुरगुरलं, पण चाक जागचं हलेना. मागे हॉर्नचा जो काही ऑर्केस्ट्रा सुरू झाला, तो विचारू नका.

गाडी बिघडली नव्हती. तिने जे करायचं तेच केलं होतं, फक्त ते मला कुणी सांगितलं नव्हतं. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये सनरूफ दाखवायला वीस मिनिटं, पेढे, फोटो. आणि या बटणाबद्दल एकच वाक्य : ‘सर, हे ऑन ठेवा, पाय दुखत नाही.’ माझं म्हणणं असं, की हे वाक्य अर्धवट आहे आणि अर्धवट वाक्यावर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवू नये.

मुळात इथे दोन वेगळे ब्रेक आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. तुम्ही ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवली की ऑटो होल्ड तोच दाब ब्रेकच्या तेलात अडकवून ठेवतो. हे काम एबीएस-ईएससीचं युनिट त्याच्या छोट्या व्हॉल्व्हने करतं. पाय काढला तरी चाकं धरलेली राहतात आणि ब्रेक लाइट चालू राहतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक म्हणजे जुन्या हँडब्रेकचा वारसदार. त्यात मागच्या चाकांवरच्या छोट्या मोटर्स ब्रेक पॅड आवळतात. तो लागताना मागून ‘झींऽऽ’ असा आवाज येतो, तो या मोटर्सचा.

आता गंमत अशी की पहिला ब्रेक स्वतःहून दुसऱ्याकडे काम सोपवतो. तेलाचा दाब व्हॉल्व्हवर तासन्‌तास धरून ठेवता येत नाही आणि ड्रायव्हर जागेवरून उठला तर गाडी सुटून चालणार नाही. म्हणून ह्युंदाईसारख्या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं, बॉनेट उघडलं, चढ फार तीव्र असला किंवा गाडी साधारण 10 मिनिटं तशीच उभी राहिली, की पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. माझं नेमकं हेच झालं होतं. दार उघडताच मोटर्सनी मागची चाकं आवळली. एरवी डी गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा ब्रेक आपोआप सुटतो, पण त्यासाठी दार बंद आणि पट्टा लावलेला हवा. मी दार लावलं होतं, पट्टा मात्र विसरलो होतो.

अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरशी कुस्ती खेळू नका. आधी मीटरमध्ये पाहा. ऑटो होल्डची अक्षरं पांढरी असतील तर तो तयार आहे, हिरवी असतील तर त्याने गाडी धरली आहे, पिवळी असतील तर बिघाड आहे. (हे रंग ह्युंदाईचे, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमध्ये मिळतील.) पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लागलेला असेल तर ब्रेकवर पाय दाबा, दार आणि पट्टा बघा आणि पार्किंग ब्रेकचं बटण खाली दाबा. वर ओढलं की ब्रेक लागतो, खाली दाबलं की सुटतो. लाल दिवा विझला की निघा. पाच सेकंदांचं काम आहे, मला मिनिटभर लागलं.

पण माझी खरी तक्रार त्या रोजच्या धक्क्यांबद्दल आहे. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडल्यावर हळूहळू आपोआप सरकते. रांगेत दोन-दोन फूट पुढे जायला हे सरकणं सोन्यासारखं. ऑटो होल्ड नेमकं तेच काढून घेतो. प्रत्येक वेळी गाडी थांबली की चाकं धरली जातात आणि दोन फुटांसाठीही अ‍ॅक्सिलरेटर लागतो. ब्रेक सुटायला क्षणभर लागतो. तेवढ्यात आपल्याला वाटतं ‘काही होत नाहीये’, आपण जास्त दाबतो, आणि ब्रेक सुटला की गाडी उडी मारते. मग पुन्हा कच्चकन ब्रेक. मागे बसलेल्या आईला मळमळतं आणि ती म्हणते, ‘तुला अजून नीट चालवता येत नाही.’ आई, अर्धा दोष बटणाचा आहे गं!

म्हणून माझा नियम साधा आहे. सिग्नलला आकडा साठच्या वर दिसतोय, पुढे काही हलणार नाही, तर ऑटो होल्ड चालू. रांग मुंगीच्या पावलांनी सरकतेय, तर बंद. रिव्हर्स घेताना आणि पार्किंग करतानाही बंद. ह्युंदाईचं मॅन्युअलही तेच सांगतं. चालू ठेवूनच रांगेत जायचं असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवा, ब्रेक सुटल्याचं जाणवू द्या, मगच दाबा. दोन दिवसांत पायाला सवय होते.

बंद करतानाही एक खबरदारी घ्या. अक्षरं हिरवी असताना, म्हणजे गाडी धरलेली असताना, आधी ब्रेकवर पाय ठेवा आणि मग बटण दाबा. पाय नसताना होल्ड गेला तर डी गिअरमधली गाडी पुढच्या रिक्षाला ‘नमस्कार’ करून येईल.

बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की ऑटो होल्ड पुन्हा ऑफ होतो. यावर मित्रमंडळींची ठरलेली कुरकुर असते : ‘रोज रोज कोण दाबणार?’ त्यावर इलाज म्हणून वायरिंगमध्ये जोडायचे छोटे मॉड्यूल मिळतात, ते दर वेळी बटण आपोआप दाबतात. मी म्हणेन, नको. एक तर ब्रेकच्या वायरिंगमध्ये हात घालायचा आणि वर वॉरंटीवर वाद ओढवून घ्यायचा. दुसरं म्हणजे, रोज आपल्या हाताने चालू केलं की आज तो चालू आहे हे डोक्यात राहतं. भाऊ, काका, मित्र अशी चार जणं एकच गाडी चालवतात त्या घरात तर हे जास्तच लागू. काही गाड्या मात्र आधीची सेटिंग लक्षात ठेवतात. तशी गाडी मागून आणली असेल तर निघण्याआधी बटणाचा दिवा बघा.

अजून एक गोष्ट, जी मला ओरखड्याच्या नादात उशिरा सुचली. होल्डमध्ये ब्रेक लाइट पेटलेला असतो, पण काम पार्किंग ब्रेककडे गेलं आणि पाय ब्रेकवर नसला की तो विझतो. अंधारात मागून येणाऱ्या बाइकवाल्याला तुम्ही थांबलेले आहात हे कळायला उशीर होऊ शकतो. रांगेच्या शेवटच्या टोकाला तुम्हीच असाल तर मागे दुसरी गाडी येऊन थांबेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवा, मग घोटा कितीही दुखो.