दोरीचे माप

सुजाताचे वसतिगृहातले हे दुसरे वर्ष. नागपूरला नर्सिंग शिकते. गाव पवनीकडे. आई शेतमजुरी करते, बाबा गवंडी. खोलीत दोघी, ती आणि करुणा. दोन पलंग, दोन टेबले आणि भिंतीतले एकच कपाट. त्या कपाटात दोघींचे कपडे जेमतेम मावतात. पुस्तके राहत पलंगाखाली, साबुदाण्याच्या खोक्यात.

मागच्या पावसाळ्यात त्या खोक्याला खालून ओल लागली आणि पाठोपाठ वाळवी. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाची शेवटची चाळीस पाने गेली. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून तिने दोन वर्षांत एकेक करून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे सरकारी खंड जमवले होते. त्यातल्या एकाचा पुठ्ठा फुगला. ती रडली नाही, पण पुढचे चार दिवस फारशी बोललीही नाही.

अडकलेली शिष्यवृत्ती दिवाळीनंतर एकदम खात्यावर आली, तेव्हा तिने पुस्तकांचे रॅक मागवले. किंमत एकोणीसशे रुपये. आईला सांगितले, "चप्पल पुढच्या महिन्यात घेईन." वॉर्डनबाईंनी एका अटीवर परवानगी दिली, भिंतीला एकही भोक पडता कामा नये.

रॅक आले ते चपट्या खोक्यात. उभे रॅक येईल अशी करुणाची कल्पना होती. खोके उघडले तर आत फळ्यांची थप्पी, एक घडीचा कागद आणि लोखंडी सामानाची पिशवी. "हे तर कोडंच आहे गं!" करुणा म्हणाली.

सुजाताने खोक्याचा पुठ्ठाच जमिनीवर अंथरला, म्हणजे फळ्यांना चरे पडणार नाहीत. मग सगळे मोजून मांडले. एकशेवीस सेंटिमीटर उंचीच्या दोन उभ्या फळ्या. वरची, खालची आणि मधली अशा साठ सेंटिमीटरच्या तीन पक्क्या फळ्या. दोन सुट्या फळ्या, त्यांच्यासाठी आठ टेकू. बारा लाकडी खुंट्या, बारा बोल्ट, बारा गोल चकत्या. पाठीसाठी हार्डबोर्डचा पातळ पत्रा आणि चोवीस बारीक खिळे. सगळे बरोबर होते. फळी मात्र अस्सल लाकडाची नव्हे. लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली, वरून कागदी मुलामा. अशा फळीला पाणी लागले की ती फुगते आणि एकदा फुगली की परत बसत नाही.

पहिले कोडे बोल्ट आणि चकतीचे. बोल्ट उभ्या फळीत पिळून बसवायचा. त्याचे डोके बाहेर राहते. आडव्या फळीच्या कडेला भोक असते, त्यात ते डोके शिरते. आडव्या फळीच्याच अंगावर कडेजवळ एक गोल खड्डा असतो, त्यात चकती बसते. ती स्क्रू ड्रायव्हरने साधारण अर्धा फेरा फिरवली की आतून बोल्टचे डोके पकडते आणि दोन्ही फळ्या एकमेकींकडे ओढल्या जातात. कागदावर नुसती चित्रे होती, अक्षर एकही नाही.

पहिल्या सांध्याला चकती गरगर फिरत राहिली. पकडच येईना. करुणाने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, "थांब, मी जोर लावते."

"नको, जोर नको," सुजाता म्हणाली. "भुशाची फळी आहे. भोक तुटलं तर पुन्हा धरणार नाही."

तिने चकती काढून उजेडात धरली. एका बाजूला बारीक बाण होता. हा बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे बोल्ट जिथून आत येतो त्या भोकाकडे हवा. तेव्हाच चकतीचे तोंड उघडे असते आणि डोके आत जाते. त्यांनी बाण उलटा ठेवला होता. दुसऱ्या सांध्याला बाण बरोबर होता तरी पकड येईना, कारण बोल्टच अर्धवट पिळलेला होता. बोल्टला एक गळपट्टी असते, ती फळीला टेकेपर्यंत तो आत गेला पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या आणि तिसरी चकती फिरवताना शेवटी हाताला घट्टपणा लागला, सांध्यातली फट मिटली. तिथेच थांबायचे असते. पुढचे नऊ सांधे भराभर झाले. एक फळी मात्र उलटी लागली होती, भुशाची उघडी कड समोर आणि मुलाम्याची मागे. ती काढून पुन्हा लावली. चकती उलटी फिरवली की सांधा सुटतो, एवढी या पद्धतीची सोय आहे.

उरला पातळ पत्रा आणि चोवीस खिळे. साडेनऊ वाजले होते. करुणा म्हणाली, "मागे भिंतच आहे. पाठ कुणाला दिसणार? राहू दे."

सुजातालाही ते पटले. दोघींनी रॅक उभे केले आणि हात लावला तर ते डावीउजवीकडे डुलायला लागले. सांधे कुरकुरले. सुजाताने चकत्या पुन्हा तपासल्या, सगळ्या घट्ट. तरी हालतच होते. सकाळी मेसच्या दुरुस्तीला आलेल्या सुताराने पाहिले आणि म्हणाला, "असला माल असाच असतो बाई. कोपऱ्याकोपऱ्यात लोखंडी पट्ट्या ठोकाव्या लागतील. चारशे रुपये होतील." चारशे तिच्याजवळ नव्हते, आणि एकोणीसशे पाण्यात गेले असे वाटून तिच्या पोटात खड्डा पडला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांच्याजवळ साधा फोन, चित्र दिसायची सोय नाही. सुजाताने तोंडीच सगळे सांगितले.

"पाठीचा पत्रा ठोकला का?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"नाही बाबा. तो नुसता झाकायला आहे."

"झाकायला नाही पोरी. चार काठ्यांचा चौकोन बांधला का तो हालतेच, गाठी कितीबी आवळ. त्याले तिरपं धरणारं काहीतरी लागते. तुया रॅकले थो पत्राच धरते. पण पयले चौकोन गुण्यात आण. वाकड्यावर पत्रा ठोकला तं वाकडंच पक्कं होईन."

"गुण्या कुठून आणू बाबा इथे?"

"गुण्या कायले पायजे? घराचा पाया आखतो तवा आमी काय करतो? दोरी घेतो. रॅक पालथं पाड. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरी तिरपी ताण, गाठ मार. मंग तेच माप दुसऱ्या दोन कोपऱ्यांत लाव. बराबर आलं तं गुण्यात हाय. नाही आलं तं जे तिरपं लांब हाय त्याचे दोन कोपरे एकमेकाकडं दाब. आन दोरी दोन्ही टायमाले सारखीच ताण, नाही तं माप फसवते."

गणिताच्या तासाला तिने हेच शिकले होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले, तर त्याचे चारही कोन काटकोन. सूत्र तिला पाठ होते. बाबा सातवी शिकलेले, त्यांना सूत्राचे नाव ठाऊक नाही, पण या मापावर त्यांनी गावातली कितीतरी घरे उभी केली आहेत.

खोक्याची सुतळी होतीच. दोघींनी रॅक पालथे घातले. पहिल्या तिरप्या मापाला गाठ मारली. दुसऱ्या बाजूला लावले तर गाठ कोपऱ्याच्या बोटभर पुढे गेली. करुणाने फूटपट्टी लावली, सव्वादोन सेंटिमीटर. एवढासा फरक, पण माथा जवळजवळ अडीच सेंटिमीटर एका बाजूला कललेला असला की तिरप्या मापात तो एवढाच दिसतो. सुजाताने लांब मापाचे दोन कोपरे हळूहळू दाबले. पुन्हा सुतळी लावली. जास्त दाबले गेले होते, आता दुसरे माप लांब आले. परत थोडे उलटे. चौथ्या वेळी गाठ दोन्हीकडे कोपऱ्यावरच बसली.

मग पत्रा ठेवला. कारखान्यात कापलेला पत्रा काटकोनातच असतो, त्यामुळे रॅक गुण्यात आले की त्याच्या चारही कडा आपोआप जुळतात. जुळल्या. आधी चार कोपऱ्यांना एकेक खिळा, मग पुन्हा दोरी, मग बाकीचे वीस. फळी बोटभरही जाड नाही, खिळा तिरका गेला तर टोक आत दिसायला लागते. करुणा प्रत्येक खिळा कंगव्याच्या दातांत धरून उभा ठेवी आणि सुजाता ठोके. वॉर्डनबाई आवाज ऐकून आल्या, कंगवा पाहून हसल्या आणि परत गेल्या.

रॅक उभे केले. हात लावला. हलले नाही.

रात्री पुस्तके लावताना करुणाने जाड खंड वरच्या फळीवर मांडायला घेतले, "नजरेसमोर राहतील." सुजाताने तिला थांबवले. खोक्यावर छापले होते, एका फळीवर दहा किलो. मेसच्या काट्यावर तिने खंड तोलून आणले, सगळे मिळून साडेचौदा किलो. शिवाय भिंतीला भोक नको अशी अट. वर जड आणि मागे आधार नाही असे रॅक कुणी ओढले तर अंगावर येते. खालची फळी थेट जमिनीवर टेकलेली होती, तिला वाकायला जागाच नाही. म्हणून जड खंड तळाशी ठेवले. पक्क्या मधल्या फळीवर नर्सिंगची पुस्तके, सुट्यांवर वह्या आणि पातळ पुस्तके. रॅक खिडकीला लागून होते. वरच्या फळीखालून सुतळी ओवून तिने ते खिडकीच्या गजाला बांधून टाकले. ओल चढू नये म्हणून चारही कोपऱ्यांखाली आणि खालच्या फळीच्या मध्याखालीही जुन्या रबरी चपलेचे सारख्या जाडीचे तुकडे सरकवले. नवी चप्पल अजून आलेली नव्हतीच.

महिन्याभराने बाबांनी फोनवर विचारले, "फळी लवली का?"

तिने सुतळी एका सुट्या फळीच्या टोकापासून टोकापर्यंत ताणून पाहिली. मध्यावर सुतळी आणि फळी यांच्यात नाण्याएवढी फट पडली होती.

"थोडी लवली बाबा. दोन नाणी सरकतील एवढी."

"मंग तिले पलटवून टाक. पोट वर, पाठ खाली. सुटी हाय ना थे?"

तिने वह्या पलंगावर काढल्या, फळी टेकूंवरून उचलून उलटी केली आणि परत ठेवली. वह्या लावताना करुणा म्हणाली, "बाबांना विचार ना, माझ्या टेबलाचा एक पाय लंगडतो, त्याचं काय करायचं?"